एकतीस मार्चची रेघ

व्यापाराच्या हिशेबात बहुतेक आकड्यांना दुसऱ्या कुणाचा तरी कागद जोडलेला असतो. खरेदीला पुरवठादाराचे बिल असते, बँकेतल्या शिलकीला बँकेचे पासबुक असते, विजेच्या खर्चाला वीज कंपनीचे देयक असते. वर्षअखेरच्या शिल्लक मालाला मात्र असा बाहेरचा साक्षीदार नसतो. मालक किंवा त्याची माणसे गोदामात फिरतात, मोजतात, यादी करतात आणि म्हणतात, आमच्याकडे एवढ्याचा माल आहे. त्या यादीतल्या बेरजेवर वर्षाचा नफा ठरतो.

तो कसा ठरतो हे आकड्यांत पाहू. समजा, सांगली परिसरात शेतीचे पंप, केबल आणि पाइपांची फिटिंग विकणारी एक वितरक कंपनी आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिच्याकडे 2 कोटी 80 लाखांचा माल होता. वर्षभरात 11 कोटी 60 लाखांची खरेदी झाली. वर्षअखेर 3 कोटी 20 लाखांचा माल शिल्लक आहे. म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची किंमत 11 कोटी 20 लाख. विक्री 12 कोटी 30 लाखांची, तेव्हा ढोबळ नफा 1 कोटी 10 लाख. आता शिल्लक मालाचा आकडा 3 कोटी 20 लाखांऐवजी 3 कोटी 40 लाख लिहिला, तर नफा त्या क्षणी वीस लाखांनी वाढतो. त्यासाठी खोटे बिल लागत नाही की दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी असेल तर हा आकडा फुगवण्याचा मोह होतो, आयकर कमी भरायचा असेल तर आटवण्याचा.

म्हणून लेखापरीक्षकाला गोदामात जावे लागते. हे आज उघड वाटते, पण एके काळी तसा रिवाज नव्हता. अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे प्रकरण 1938 मध्ये उघडकीला आले. कॅनडातल्या गोदामांमध्ये आहे असे दाखवलेला सुमारे एक कोटी डॉलरचा माल मुळात अस्तित्वातच नव्हता. कागद व्यवस्थित होते आणि लेखापरीक्षकांनी कागद तपासलेही होते. गोदाम पाहायला मात्र कुणी गेले नव्हते, कारण तसे करणे तेव्हा बंधनकारक नव्हते. पुढच्याच वर्षी तिथल्या लेखापाल संस्थेने मोजणीच्या वेळी हजर राहणे हा लेखापरीक्षणाचा नेहमीचा भाग ठरवला. भारतातही इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचे लेखापरीक्षण मानक क्रमांक 501 हेच सांगते. शिल्लक माल मोठ्या रकमेचा असेल तर लेखापरीक्षकाने मोजणीला हजर राहायचे, आणि ते व्यवहारात शक्यच नसेल तर दुसऱ्या मार्गाने पुरावा मिळवायचा.

हजर राहायचे म्हणजे सगळा माल मोजायचा असा अनेकांचा समज असतो. मोजणी हे कंपनीचे काम आहे. लेखापरीक्षक पाहतो ते मोजणी कशी होते हे, आणि तिच्यातला काही भाग स्वतः पुन्हा मोजून पाहतो. त्यामुळे त्याचे पहिले प्रश्न मालाबद्दल नसतात, पद्धतीबद्दल असतात. मोजणीपत्रकांवर आधीपासून छापील क्रमांक आहेत का? कारण क्रमांक नसलेले एक पान नंतर गहाळ करणे किंवा घुसवणे सोपे असते. मोजणाऱ्यांच्या हातातल्या पत्रकावर संगणकातला आकडा आधीच छापला आहे का? तो असेल तर दमलेला माणूस मोजण्याऐवजी बरोबरची खूण करत पुढे जातो. जो स्टोअरकीपर वर्षभर माल सांभाळतो तोच एकटा मोजतोय का? आणि मोजणी चालू असताना गाड्या भरल्या-उतरवल्या जात आहेत का?

आपल्या पंपवाल्या कंपनीत हा शेवटचा प्रश्न अवघड आहे. मार्चमध्ये विहिरींची पातळी खाली जाते, मोटारी जळतात, गावोगावचे दुकानदार पंपांसाठी घाई करतात. ऐन हंगामात दिवसभर गोदाम बंद ठेवायला मालक तयार होत नाही. मग 31 मार्चला संध्याकाळी सहा वाजता शटर अर्धे खाली ओढून मोजणी सुरू होते, आणि ती रात्री उशिरापर्यंत चालते.

गोदामात शिरल्यावर लेखापरीक्षक दोन उलट दिशांनी काम करतो. एकदा तो यादीतली काही नावे निवडतो आणि तो माल दाखवा म्हणतो. यादीत आहे पण गोदामात नाही, असा माल यातून सापडतो. मग तो कपाटांच्या रांगेतून फिरतो, मनाला येईल तिथे थांबून चारदोन वस्तू स्वतः मोजतो, आणि त्या यादीत कुठे आहेत ते शोधतो. गोदामात आहे पण यादीतून वगळलेला माल असा सापडतो. नवशिक्या मुलांकडून दुसरी दिशा राहून जाते, कारण हातात यादी असली की तिच्यावर खुणा करत जाणे सोपे वाटते. पण जो माल यादीतच नाही तो यादीवरून कधीच सापडणार नाही.

या फेरीत डोळे उघडे ठेवावे लागतात. खोक्यांची थप्पी बाहेरून भरीव दिसते, पण मधली जागा रिकामी असू शकते, म्हणून थप्पीच्या वर चढून पाहायचे. पंपाचे खोके हाताने जरा सरकवून पाहिले की ते रिकामे आहे की भरलेले हे लगेच कळते. कोपऱ्यात धूळ खात पडलेले पंप कुणाचे आहेत हे विचारायचे, कारण वॉरंटीत दुरुस्तीसाठी आलेले पंप गिऱ्हाइकांचे असतात. ते गोदामात असले तरी कंपनीच्या शिलकीत येत नाहीत. आणि उलट, कंपनीचे काही पंप एखाद्या दुकानदाराकडे विक्रीसाठी ठेवायला दिलेले असतील, तर ते गोदामात दिसत नसले तरी कंपनीचेच असतात. त्यासाठी त्या दुकानदाराकडून लेखापरीक्षकाच्या पत्त्यावर थेट लेखी उत्तर मागवले जाते.

केबलचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ती नगावर मोजता येत नाही. लाकडी ड्रमवर 500 मीटर असे लेबल आहे, यादीतही 500 मीटर आहे. ड्रम सोडून पट्टीने मोजायला कुणाला वेळ नसतो. पण चांगल्या केबलवर उत्पादकाने दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलचे बाहेरचे टोक समोर असते, आतले टोक बहुधा ड्रमच्या बाजूच्या भोकातून काढलेले असते. बाहेरच्या टोकावर 1491 दिसले आणि आतल्या टोकावर 1204, तर ड्रमवर 287 मीटर केबल उरली आहे. यादीपेक्षा 213 मीटर कमी. मीटरला साठ रुपये धरले तर या एका ड्रमवर 12,780 रुपयांचा फरक. इथे चोरी झाली असेल असे नाही. काउंटरवरून किरकोळ कापून दिलेली केबल संगणकातून वजा करायची राहते, आणि लेबल वर्षभर 500 मीटरच सांगत राहते. एका ड्रमवर हे सापडले की लेखापरीक्षक उरलेले सगळे उघडलेले ड्रम पाहतो, कारण चूक या ड्रमची नाही, कापून विकण्याच्या पद्धतीची आहे.

आता प्रश्न येतो किती मोजायचे हा. या कंपनीच्या यादीत 1,400 प्रकारच्या वस्तू आहेत. त्यातल्या 45 वस्तू अशा आहेत की प्रत्येकीचा साठा दोन लाख रुपयांहून जास्त किमतीचा आहे. मोठे सबमर्सिबल पंप, जाड केबल वगैरे. या 45 मिळून 2 कोटी 10 लाख होतात. त्या सगळ्या मोजायच्या, तिथे निवडानिवड नाही. राहिल्या 1,355 वस्तू, मिळून 1 कोटी 10 लाखांच्या. एल्बो, टी, व्हॉल्व्ह, स्टार्टर, नट-बोल्टांच्या पिशव्या. या सगळ्या मोजणे लेखापरीक्षकाला शक्य नसते आणि गरजही नसते.

त्यातल्या नमुन्याची निवड करण्याची एक चांगली रीत अशी आहे की वस्तू निवडण्याऐवजी रुपये निवडायचे. यादीतल्या किमतींची चालती बेरीज करत जायची. 1 कोटी 10 लाखांतून 55 ठिकाणे हवी असतील तर दर दोन लाखांमागे एक ठिकाण येते. पहिले ठिकाण पहिल्या दोन लाखांत कुठेही, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे. समजा, 73,400 आले. ज्या वस्तूत तो 73,400 वा रुपया पडतो ती मोजायची. पुढे 2,73,400 वा रुपया जिच्यात पडतो ती, मग 4,73,400 वा, असे शेवटपर्यंत. या रीतीत साठ हजारांचा साठा निवडला जाण्याची शक्यता तीस टक्के असते आणि सहा हजारांच्या साठ्याची तीन टक्के. जिथे पैसा जास्त तिथे नजर जास्त, आणि तरीही लहान वस्तू पूर्ण सुटलेल्या नसतात. कुठली वस्तू निघेल हे मालकाला आधी सांगता येत नाही, हाही त्याचा मोठा फायदा. फक्त एक उणीव लक्षात ठेवायची. यादीत शून्य किंवा फार कमी किंमत लिहिलेल्या मालात रुपयेच नसल्यामुळे तो या चाळणीत जवळपास येतच नाही. म्हणून तर गोदामातून यादीकडे जाणारी दुसरी दिशा सोडायची नसते.

नमुन्यात फरक सापडला की तो नुसता दुरुस्त करून काम संपत नाही. हे मालकांना पटवणे सगळ्यात कठीण जाते. समजा, 55 पैकी तीन ठिकाणी फरक निघाला. साठ हजारांच्या स्टार्टरचा साठा प्रत्यक्षात 54 हजारांचा, म्हणजे दहा टक्के कमी. सोळा हजारांचे व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बारा हजारांचे, म्हणजे पंचवीस टक्के कमी. आणि आठ हजारांचे एल्बो 8,400 रुपयांचे, म्हणजे पाच टक्के जास्त. मालक म्हणतो, साहेब, सहा हजार आणि चार हजार कमी, चारशे जास्त, तेव्हा 9,600 रुपये कमी करा आणि विषय मिटवा. पण यातली प्रत्येक वस्तू न मोजलेल्या मालासह दोन लाखांच्या एका गटासाठी बोलते आहे. म्हणून दोन लाखांच्या दहा टक्के वीस हजार, पंचवीस टक्के पन्नास हजार, आणि उलट दिशेने पाच टक्के दहा हजार. या भागात अंदाजे साठ हजार रुपये जास्त दाखवले आहेत असे मानावे लागते. मोठ्या 45 वस्तूंमध्ये केबलच्या ड्रमसकट एकूण 38 हजारांचा फरक निघाला असेल, तर तो आहे तसाच, कारण तिथे सगळेच मोजले आहे. दोन्ही मिळून 98 हजार. लेखापरीक्षकाने आधीच स्वतःशी ठरवलेले असते की शिल्लक मालात किती रकमेपर्यंतची चूक चालेल. ती मर्यादा चार लाख असेल, तर 98 हजार तिच्या बरेच आत आहेत. नमुन्यावरचा अंदाज थोडा चुकला तरी मध्ये पुरेसे अंतर आहे. तेच साडेतीन लाख निघाले असते तर मर्यादेच्या आत असूनही त्याला आणखी माल मोजावा लागला असता.

इथवर पाहिले तर या कंपनीची मोजणी चांगली म्हणायला हरकत नाही. पण माझ्या मते शिल्लक मालातली मोठी रक्कम मोजणीत चुकत नाही, तारखेत चुकते. वर्ष 31 मार्चला संपते आणि माल मात्र त्या रात्रीही रस्त्यावर असतो. माल ज्या वर्षात धरला त्याच वर्षात त्याचे बिलही धरले गेले आहे का, हे पाहण्याला लेखापरीक्षक कट-ऑफ म्हणतात. त्याची तयारी मोजणीआधी दहा मिनिटांत होते आणि ती तेव्हाच करावी लागते. शेवटच्या विक्री बिलाचा क्रमांक, माल आल्याच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि गेटवरच्या वहीतली शेवटची गाडी, हे लेखापरीक्षक स्वतःच्या कागदावर उतरवून घेतो. आपल्या कंपनीत शेवटचे बिल 4817 आणि शेवटची आवक नोंद 1262. रेघ इथे मारली. पुढच्या महिन्यात तो परत येतो तेव्हा या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची बिले, बिल्ट्या आणि ई-वे बिले काढून एकेक लावून बघतो.

पहिली गोष्ट सापडते ती आवक नोंद 1263 मध्ये. कोइमतूरहून आलेले साठ पंप, प्रत्येकी आठ हजारांचे, एकूण 4 लाख 80 हजार. आवक नोंद 1 एप्रिलची आहे, म्हणून खरेदीही एप्रिलमध्ये धरली. पण ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर माल मिळाल्याची सही 31 मार्चची आहे आणि गेटच्या वहीत गाडी संध्याकाळी सातला आत आली आहे. मोजणी सुरू झाल्यावर तो माल एका बाजूला उतरवला गेला आणि मोजणाऱ्यांनी इमाने इतबारे मोजला. माल मार्चच्या शिलकीत, खरेदी एप्रिलमध्ये. नफा सरळ 4 लाख 80 हजारांनी जास्त. कुणी लबाडी केली नाही. गोदामातला मुलगा मोजणीत गुंतला होता म्हणून त्याने नोंद दुसऱ्या दिवशी केली, एवढेच. दुरुस्ती साधी आहे, ती खरेदी मार्चमध्ये घ्यायची.

दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी. बिल 4815, तारीख 31 मार्च, पंढरपूरच्या एका दुकानदाराच्या नावाने चाळीस पंप, 3 लाख 68 हजार. ई-वे बिल मात्र 2 एप्रिलचे आहे, त्यातला गाडीचा क्रमांक गेटच्या वहीत 2 एप्रिललाच बाहेर पडलेल्या गाडीचा आहे. म्हणजे मोजणीच्या रात्री ते चाळीस पंप गोदामात होते आणि मोजलेही गेले. एकच माल विकलाही आणि शिल्लकही दाखवला. यातले एकच खरे असू शकते. पंप 2 तारखेला दुकानदाराच्या ताब्यात जायचे ठरले होते, तर मार्चची विक्री काढून टाकायची आणि नफा 3 लाख 68 हजारांनी कमी होतो. दुकानदाराने खरोखर माल आधीच विकत घेऊन, वेगळा काढून ठेवायला लेखी सांगितले असेल, तर विक्री राहू द्यायची आणि चाळीस पंपांची 3 लाख 20 हजारांची किंमत शिलकीतून वजा करायची. लेखापरीक्षक इथे तोंडी खुलाशावर थांबत नाही. तो एप्रिलची क्रेडिट नोटही पाहतो. मार्चअखेर विकलेला माल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच दुकानदाराकडून परत आला असेल, तर ती विक्री मुळात वर्षाचा आकडा गाठण्यासाठी केलेली असण्याचा संशय घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात तसे काही नाही. लेखी सूचनाही नाही, म्हणून विक्री मार्चमधून निघते.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. केबलच्या कारखान्याने 29 मार्चला 2 लाख 10 हजारांचे बिल केले आणि माल गाडीवर चढवला. करार असा की कारखान्याच्या दारातून निघाल्यावर माल खरेदीदाराचा. बिल ईमेलने आले म्हणून खरेदी मार्चमध्ये नोंदली गेली, पण गाडी पोचली 3 एप्रिलला. मोजणीत ती केबल असणे शक्यच नव्हते. तो माल वाटेतला माल म्हणून शिलकीत धरायला हवा, नाहीतर नफा तेवढ्याने कमी दिसतो.

आता या तिन्हींची रक्कम मोजणीतल्या फरकाशेजारी ठेवून पाहा. रात्री उशिरापर्यंत 1,400 वस्तू मोजून अंदाजे 98 हजारांची चूक निघाली. तीन कागदांवरच्या तारखांनी एका बाजूला 8 लाख 48 हजार आणि दुसऱ्या बाजूला 2 लाख 10 हजारांचा फरक पाडला. चार लाखांची मर्यादा इथे सहज ओलांडली गेली. आणि या दोन बाजू एकमेकींतून वजा करून लहान दाखवणे योग्य नाही, कारण प्रत्येक चूक वेगळ्या ठिकाणी दुरुस्त करायची असते.

कधी कधी लेखापरीक्षकाला 31 मार्चला येताच येत नाही, कारण त्या रात्री त्याचे पाच-सहा अशील एकाच वेळी मोजणी करत असतात. मग मोजणी 3 एप्रिलला होते आणि मागे हिशेब लावत जावे लागते. 3 तारखेला साडेसात एचपीचे 52 पंप सापडले. 1 ते 3 तारखेत 14 गेले आणि 6 आले. तेव्हा 31 मार्चला 52 अधिक 14 वजा 6, म्हणजे 60 असले पाहिजेत. गणित सोपे आहे, पण आता तारखेची रेघ दोनदा तपासावी लागते, एकदा 31 मार्चची आणि एकदा मोजणीच्या दिवसाची. एकापेक्षा जास्त गोदामे असतील तर ती एकाच वेळी मोजायची, नाहीतर एका गोदामात मोजलेला माल रात्रीत दुसऱ्या गोदामात जाऊन पुन्हा मोजला जातो. अमेरिकेत 1963 मध्ये उघड झालेल्या खाद्यतेलाच्या घोटाळ्यात न्यू जर्सीतल्या टाक्यांमध्ये तळाला पाणी आणि वर तेलाचा थर होता, आणि तपासणी पुढे सरकेल तसे तेच तेल नळांतून पुढच्या टाकीत ढकलले जात होते.

नग बरोबर आले म्हणजे रक्कम बरोबर आली असेही नाही. मालाची किंमत खरेदीची धरायची की विकून प्रत्यक्षात हाती येईल ती, तर दोन्हींपैकी कमी असेल ती. जुन्या मॉडेलचा पंप आठ हजारांना घेतला होता, आज तो साडेसहा हजारांना जातो आणि विकण्यासाठी तीनशे खर्च येतो, तर शिलकीत तो 6,200 रुपयांचा. गोदामात फिरताना गंजलेली, फाटलेल्या खोक्यातली, गेल्या वर्षीची मोजणीची चिकटपट्टी अजून अंगावर असलेली वस्तू दिसली की तिची नोंद त्याच रात्री करून ठेवायची असते, कारण नंतर यादीत तिचे नाव बाकीच्यांसारखेच स्वच्छ दिसते. कंपन्यांच्या लेखापरीक्षकाला अहवालात आणखी एक उत्तर द्यावे लागते. कंपनीची मोजणीची पद्धत योग्य होती का, आणि मालाच्या कुठल्याही वर्गात एकूण दहा टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली का, निघाली असेल तर ती हिशेबात नीट घेतली का. हे 2020 च्या कारो आदेशात सांगितलेले आहे.

सगळ्यात शेवटी लेखापरीक्षक एक काम कार्यालयात बसून करतो. मोजणीच्या रात्री त्याने क्रमांक टाकलेल्या प्रत्येक पत्रकाची प्रत घेतलेली असते. कोणती पत्रके वापरली, कोणती कोरी राहिली याची नोंदही असते. मे महिन्यात कंपनी किमती लावून पक्की यादी देते, तेव्हा तो आपल्या प्रतीतले आकडे त्या यादीशी ताडून पाहतो. पत्रक क्रमांक 37 वर तीन एचपीच्या मोनोब्लॉकपुढे 18 लिहिलेले आहे आणि खाली स्टोअरकीपरची सही आहे. पक्क्या यादीत 118 आहे. तो फोन उचलतो आणि विचारतो, हे शंभर पंप कुठून आले.